‘जसं आलं तसं पाठवलं’ : फॉरवर्ड केलेल्या बदनामीचा हिशेब

बदनामीकारक मजकूर लिहिणारा जितका जबाबदार, तितकाच तो पुढे पाठवणाराही जबाबदार ठरू शकतो. भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेले बदनामीचे कलम आहे. त्याआधी हाच गुन्हा भारतीय दंड संहितेच्या ४९९ आणि ५०० या कलमांत होता. एखाद्याच्या लौकिकाला धक्का लावणारा आरोप जो ‘करतो’ किंवा ‘प्रसिद्ध करतो’ तो दोषी, असे हे कलम सांगते. फॉरवर्ड करणारा पहिल्या क्रियापदातून सुटला, तरी दुसऱ्यात सापडतो. ‘प्रसिद्ध करणे’ म्हटले की वर्तमानपत्र डोळ्यांपुढे येते. कायद्याला मात्र तेवढे लागत नाही. ज्याच्याविषयी आरोप आहे त्याच्याशिवाय आणखी एका माणसापर्यंत तो पोहोचला, की तो प्रसिद्ध झाला. ग्रुपवर तर तो एका बोटासरशी पन्नास जणांपर्यंत पोहोचतो.

हे तत्त्व प्रत्यक्षात कसे लागू होते, ते पुढच्या गोष्टीवरून पाहता येईल. गोष्ट काल्पनिक आहे. त्यातली शाळा आणि माणसे खरी नाहीत.

सहलीचे पैसे

तालुक्याच्या गावातल्या एका शाळेत दहावी ‘ब’ची सहल ठरली होती. प्रत्येकी ६०० रुपयांप्रमाणे ४४ मुलांचे २६,४०० रुपये शुक्रवारी जमा झाले. वर्गाचा मॉनिटर ओजस याने ते पाकिटात घालून कार्यालयात दिले आणि ते कपाटात ठेवले जाताना पाहिलेही. शनिवारी शाळा सकाळची होती. सुटल्यावर पाण्याची बाटली विसरली म्हणून तो परत आला, तेव्हा कार्यालयातले कपाट उघडे होते आणि पाकिटाची जागा रिकामी. शिपाई दत्तू मामा कापडी पिशवी काखोटीला मारून घाईने फाटकाबाहेर पडत होते.

घरी पोहोचण्याआधीच ओजसने चौघा मित्रांच्या ग्रुपवर लिहिले, ‘अरे, ऑफिसचं कपाट उघडं होतं, सहलीचे पैसे नाहीत. दत्तू मामा पिशवी घेऊन गेले. त्यांनीच तर घेतले नसतील?’

त्या चौघांतल्या अद्वैतला प्रश्नचिन्ह मिळमिळीत वाटले. गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनातल्या फोटोतून त्याने मामांचा चेहरा कापून घेतला आणि खाली लिहिले, ‘दत्तू मामाने सहलीचे २६ हजार उडवले. तुमच्या घरी कामाला येत असेल तर सावधान!’ दुपारी दोन वाजता हा मजकूर वर्गाच्या ग्रुपवर पडला. ग्रुपमध्ये बावन्न जण होते.

सानिकाने तो आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, कारण मामा दर रविवारी तिथे पाण्याच्या टाक्या धुवायला येत. सोबत तिने एक ओळ जोडली, ‘जसं आलं तसं पाठवलंय, खरं-खोटं माहीत नाही.’ तिथून तळमजल्यावरच्या काळेकाकूंनी तो भिशीच्या ग्रुपवर पाठवला. वर्गाच्या ग्रुपवर तन्मयने हसरा चेहरा चिकटवला. ग्रुपची ॲडमिन ऋतुजा मावसबहिणीच्या लग्नात होती. तिने फोन रात्री पाहिला आणि ‘हे कोणी पाहिलंय का खरंच? नसेल तर काढा’ एवढे लिहिले. नेहाने तो मजकूर कुणाही मित्राला पाठवला नाही. तिने वर्गशिक्षिकांना एकटीने विचारले, ‘बाई, मामांबद्दल असा मेसेज फिरतोय. खरं आहे का?’

रविवारी सकाळी मामा ब्रश आणि बादली घेऊन सोसायटीत आले, तर वॉचमनने फाटकातच थांबवले. ‘मामा, सेक्रेटरी म्हणालेत, आज नको.’ आणखी दोन घरांतून तसेच निरोप आले. कारण कोणीच सांगितले नाही. ते संध्याकाळी कळले. याच शाळेत नववीत असलेल्या त्यांच्या मुलीने मैत्रिणीच्या फोनवर बापाचा फोटो पाहिला.

सोमवारी प्रार्थनेनंतर मुख्याध्यापिकांनी पावती दाखवली. लिपिकाने शनिवारी साडेअकरालाच २६,४०० रुपये पतसंस्थेत भरले होते. मामांच्या पिशवीत कार्यालयाच्या पंख्याचा जळका कपॅसिटर आणि दोन गळके नळ होते; दुकान बंद होण्याआधी ते बदलून आणायचे होते. अद्वैतने मधल्या सुटीत घाईघाईने ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केले. वर्गाच्या ग्रुपवरचा मजकूर गेला. सोसायटीतला आणि भिशीतला तसाच राहिला.

कोण कुठे उभा आहे

बदनामी झाली की नाही हे ठरवताना तीन गोष्टी तपासल्या जातात. मजकुरात एखाद्या ओळखता येणाऱ्या माणसावर आरोप आहे का? तो त्याच्याखेरीज इतर कुणापर्यंत पोहोचला का? आणि त्याने त्या माणसाच्या लौकिकाला बाधा येईल हे पाठवणाऱ्याला माहीत होते का, किंवा तसे वाटायला पुरेसे कारण होते का? आरोप लोकांच्या नजरेत माणसाचे चारित्र्य किंवा त्याच्या कामातली पत कमी करणारा असावा लागतो. टाक्या धुणाऱ्या माणसाला चोर म्हणणे हे दोन्ही करते.

अद्वैतची बाजू सर्वांत कमकुवत आहे. त्याने शंकेचे विधान केले, फोटो जोडून ओळख पक्की केली आणि लोकांना मामांपासून सावध केले. त्याने फक्त पुढे पाठवले असे म्हणताच येणार नाही. तो त्या मजकुराचा लेखक आहे. इथे पुष्कळ मुले चुकतात. मूळ संदेशातले दोन शब्द बदलले, वर एखादी ओळ टाकली किंवा फोटो लावला, की तो दुसऱ्याचा मजकूर राहत नाही.

सानिकाने एकही शब्द बदलला नाही, उलट ‘खरं-खोटं माहीत नाही’ असे स्पष्ट लिहिले. तिला वाटते, यात आपली सुटका आहे. प्रत्यक्षात हीच ओळ तिच्या विरोधात जाते. कलम ३५६ ला दहा अपवाद आहेत आणि त्यांतले बहुतेक ‘सद्भावनेवर’ उभे आहेत. रोजच्या बोलण्यात सद्भावना म्हणजे मनात वाईट नसणे. कायद्यात तेवढे पुरत नाही. योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेने केली असे मानले जात नाही. खरे की खोटे हे माहीत नसताना, आणि ते विचारून पाहण्याचा प्रयत्नही न करता पाठवले, याची लेखी कबुली सानिकाने स्वतःच देऊन ठेवली आहे. शिवाय मामांचे काम सुटले ते वर्गाच्या ग्रुपमुळे नव्हे, तिने पाठवलेल्या ग्रुपमुळे. बदनामीच्या कायद्यात प्रत्येक नवे प्रसारण स्वतंत्र मोजले जाते, म्हणून ‘आधीच सगळीकडे फिरत होतं’ हे उत्तर चालत नाही. काळेकाकूंनाही हेच लागू पडते. फरक एवढाच, की त्या सज्ञान असल्याने त्यांचे प्रकरण थेट दंडाधिकाऱ्यांपुढे जाईल.

ओजसचे काय? चौघांचा ग्रुप छोटा असला तरी प्रसारण झालेच, आणि केवळ प्रश्नार्थक वाक्यरचनेने आरोपाचा अर्थ बदलत नाही. आडून किंवा उपरोधाने केलेला आरोपही कलमात मोडतो. तरीही त्याने डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहिले आणि पुढची शंका शंका म्हणूनच मांडली, हे त्याचा हेतू तोलताना पाहिले जाईल. त्याच्यासाठी योग्य दार कार्यालयाचे होते.

नेहा त्याच दारातून गेली. आठवा अपवाद अशाच वागण्यासाठी आहे. ज्याला त्या विषयात कायदेशीर अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार ही बदनामी नाही. मजकूर तोच होता, पण तो चौकशी करू शकणाऱ्या व्यक्तीकडे गेला.

तन्मयच्या हसऱ्या चेहऱ्याने मजकूर नव्या माणसापर्यंत पोहोचला नाही, त्यामुळे साधारणपणे ते प्रसारण ठरणार नाही. ‘हो, मीपण पाहिलंय’ असे त्याने लिहिले असते, तर तो स्वतःचा आरोप झाला असता.

राहिली ऋतुजा. ॲडमिन म्हणून सगळे आपल्यावर येईल या भीतीने ती दोन दिवस झोपली नाही. या भीतीचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर सदस्याने एका महिलेबद्दल अश्लाघ्य भाषा वापरली आणि ॲडमिनने त्याला ग्रुपमधून काढले नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये तो रद्द केला. सदस्य काय लिहील हे ॲडमिनला आधी कळत नाही. त्याच्या हातात सदस्य घेणे आणि काढणे एवढेच असते. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत असल्याशिवाय ॲडमिनला दुसऱ्याच्या मजकुरासाठी जबाबदार धरता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ॲडमिनने स्वतः तो मजकूर पुढे पाठवला, तर अर्थातच गोष्ट वेगळी.

‘वाचलंच नव्हतं’

फॉरवर्डविषयी न्यायालये काय म्हणतात हे दोन प्रकरणांतून दिसते. तमिळ अभिनेते आणि माजी आमदार एस. व्ही. शेखर यांनी एप्रिल २०१८ मध्ये महिला पत्रकारांविषयीचा एक हीन मजकूर फेसबुकवर पुढे पाठवला. तो दुसऱ्याने लिहिलेला होता. टीका होताच त्यांनी तो त्याच दिवशी काढला आणि माफीही मागितली. अटकपूर्व जामीन नाकारताना मद्रास उच्च न्यायालयाने म्हटले, की संदेश पुढे पाठवणे म्हणजे तो मान्य करून त्याला दुजोरा देणे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा त्यांच्या बाजूने सांगण्यात आले, की डोळ्यांत औषध घातल्यामुळे त्यांना मजकूर वाचता आला नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायालयाने दिलासा नाकारला. समाजमाध्यम वापरायचेच असेल तर त्याच्या परिणामांना तोंड द्यायची तयारी हवी, हा त्या आदेशाचा आशय होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेन्नईच्या विशेष न्यायालयाने त्यांना एक महिन्याची कैद आणि १५,००० रुपये दंड सुनावला. तिथली कलमे महिलांच्या अवमानाशी संबंधित होती, बदनामीची नव्हती. पण ‘मी फक्त पाठवलं’ आणि ‘लगेच काढलं’ ही उत्तरे किती तोकडी पडतात, हे त्यातून कळते.

दुसरे प्रकरण थेट बदनामीचे आहे. दिल्लीचे तत्कालीन मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी २०१८ मध्ये दुसऱ्याची एक चित्रफीत रीट्वीट केली होती. बदनामीकारक मजकूर स्वतःचे मत असल्यासारखा रीट्वीट करणे हे प्रथमदर्शनी बदनामीच्या कलमात येते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने ५ फेब्रुवारी २०२४ रोजी म्हटले. पाठवणाऱ्याचा प्रभाव आणि पोहोच जितकी मोठी, तितकी त्याची जबाबदारी वाढते, असाही विचार त्यात आहे. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथे केजरीवाल यांनी रीट्वीट ही चूक होती असे मान्य केले.

मूळ लिहिणारा सापडत नाही तेव्हा

‘आधी ज्याने लिहिलं त्याला पकडा’ हे मुलांचे नेहमीचे म्हणणे असते. बदनामीत ते सहज शक्य नसते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत संदेशाचा पहिला पाठवणारा शोधून देण्याची तरतूद आहे, पण ती देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा लैंगिक अत्याचार अशा गंभीर गुन्ह्यांपुरती. कमाल दोन वर्षांच्या शिक्षेचा बदनामीचा गुन्हा त्यात बसत नाही. म्हणून ज्याच्या नावाने आणि क्रमांकाने मजकूर शेवटच्या ग्रुपमध्ये दिसतो, तोच तक्रारदाराच्या हाती लागतो. मामांच्या मुलीने काढलेल्या स्क्रीनशॉटमध्ये वर नाव होते सानिकाचे; ओजस आणि अद्वैत त्या पडद्यावर कुठेच नव्हते.

स्क्रीनशॉट हा पुरावा होऊ शकतो, मात्र न्यायालयात तो दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मूळ संदेश ज्या फोनवर आहे तो जपून ठेवावा लागतो. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ची मुदत व्हॉट्सॲपवर दोन दिवसांहून थोडी अधिक आहे, पण ते फक्त त्या एका ग्रुपमधली प्रत पुसते. कुणी पुढे पाठवलेली प्रत हा वेगळा संदेश असतो, म्हणूनच अद्वैतच्या डिलीटचा सोसायटीच्या ग्रुपवर काही परिणाम झाला नाही.

अठराच्या आतले असतील तर

बदनामी हा अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्हा आहे. पोलीस अदखलपात्र नोंद करून घेतात. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास किंवा वॉरंटविना अटक करत नाहीत. ज्याची बदनामी झाली त्याने स्वतः न्यायालयात तक्रार करावी लागते. सज्ञान माणसाला जास्तीत जास्त दोन वर्षांची साधी कैद, दंड, दोन्ही किंवा सामुदायिक सेवा अशी शिक्षा होऊ शकते. सामुदायिक सेवेचा पर्याय नव्या संहितेने आणला.

ओजस, अद्वैत आणि सानिका पंधरा-सोळा वर्षांचे आहेत. त्यांच्यासाठी बाल न्याय अधिनियम, २०१५ लागू होतो. अशा मुलाला आरोपी म्हणत नाहीत. ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. त्याचे प्रकरण न्यायालयाऐवजी बाल न्याय मंडळापुढे चालते. तीन वर्षांपर्यंत शिक्षेचे गुन्हे या कायद्यात ‘किरकोळ’ गणले जातात, त्यामुळे बदनामीची चौकशी थोडक्यात होते. सोळा वर्षांवरील मुलाला प्रौढासारखे वागवण्याची तरतूद फक्त अतिगंभीर गुन्ह्यांसाठी आहे. ती इथे येत नाही. मंडळ समज देऊन घरी पाठवू शकते, मुलाला आणि पालकांना समुपदेशनाला बसवू शकते, सामुदायिक सेवा लावू शकते किंवा मुलाला अथवा पालकांना दंड भरायला सांगू शकते. मुलाचे नाव छापता येत नाही आणि या प्रकरणामुळे पुढे नोकरी किंवा शिक्षणासाठी तो अपात्र ठरत नाही.

दिवाणी दावा ही वेगळी वाट आहे. नुकसानभरपाई मागायची तर बदनामीनंतर एका वर्षात दावा लावावा लागतो. अल्पवयीन मुलावरही तो लावता येतो. त्याच्या वतीने पालक उभे राहतात, पण केवळ आईबाप आहेत म्हणून भरपाई त्यांच्यावर आपोआप येत नाही. दोन्ही वाटांत एक महत्त्वाचा फरक आहे. दिवाणी दाव्यात आरोप खरा असल्याचे सिद्ध झाले की बचाव पूर्ण होतो. फौजदारी कलमात खरेपणाबरोबर तो सांगणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते. मामांनी पैसे खरोखर घेतले असते, तरी मुख्याध्यापिकांना न सांगता भिशीच्या ग्रुपला सांगण्यात कोणते लोकहित होते, हा प्रश्न काळेकाकूंपुढे उरलाच असता.

मिटवणे

बदनामीचा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो, पण ते फक्त ज्याची बदनामी झाली त्याच्या हातात असते. माफी मागितल्याने गुन्हा आपोआप पुसला जात नाही. झालेले नुकसान थांबते की नाही, ते दुरुस्ती कुठे पोहोचली यावर अवलंबून असते. अफवा ज्या ग्रुपांत गेली त्या प्रत्येक ग्रुपात, त्याच लोकांपुढे, नाव घेऊन ‘ते खोटं होतं’ असे सांगावे लागते.

मंगळवारी मुख्याध्यापिकांच्या खोलीत मामा, तिघे विद्यार्थी आणि त्यांचे पालक बसले. मामांनी पोलिसांत जायचे नाही असे ठरवले होते, पण एक अट घातली. संदेश जिथे जिथे गेला, तिथे तिथे पावतीचा फोटो जायला हवा, आणि तो ज्याने अफवा पाठवली त्यानेच पाठवायचा. ओजसने चौघांच्या ग्रुपवर पाठवला, अद्वैतने वर्गाच्या, सानिकाने सोसायटीच्या. काळेकाकू त्या खोलीत नव्हत्या. सानिकाच्या आईने दार ठोठावले तेव्हा कुठे भिशीच्या ग्रुपवर पावती गेली. पुढच्या रविवारी सोसायटीचे फाटक उघडले. सुटलेल्या दोन घरांपैकी एकाने पुन्हा बोलावले. दुसऱ्या घराने तोवर टाकी धुवायला दुसरा माणूस लावला होता.